हवा आत कुठून येणार?

बेसमेंट पार्किंगच्या वायुवीजनाचा अहवाल तपासायला आला की त्यात एक वाक्य हमखास सापडतं : ‘आगीच्या वेळी ताशी १२ एअर चेंजेस, नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे.’ म्हणजे बेसमेंटमध्ये एकूण जेवढी हवा मावते तेवढी हवा एका तासात १२ वेळा बाहेर काढायची. रोजच्या वापरात गाड्यांचा धूर आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड साचू नये म्हणून साधारण ६ वेळा काढली तरी भागतं. आग लागली, की तेच पंखे पूर्ण वेगाने फिरवून किंवा जादा पंखे चालू करून हा आकडा दुप्पट करायचा असतो.

आकड्यात चूक नाही. कोडमध्ये तो तसाच आहे. पण या वाक्याखाली एक गुणाकार, पंख्यांची यादी आणि कंपनीचा कॅटलॉग एवढंच जोडून अहवाल संपत असेल, तर खरं डिझाइन अजून व्हायचंच आहे असं समजावं. किती हवा बाहेर काढायची ते त्यात लिहिलेलं असतं. ती हवा कोणत्या वाटेने जाणार, तिच्या जागी नवी हवा कुठून येणार आणि त्या वाटेवर पंख्याला किती जोर लावावा लागणार, हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

हे नीट समजण्यासाठी एक बेसमेंट घेऊ. पुण्यात किंवा ठाण्यात पुनर्विकासाला गेलेल्या कोणत्याही मोठ्या सोसायटीत असं बेसमेंट सापडेल. आकडे मी हिशेबाला सोपे घेतले आहेत. पार्किंगचे दोन मजले जमिनीखाली आहेत आणि आपण खालच्या मजल्याकडे बघतो आहोत. तो ६० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद, म्हणजे ३००० चौरस मीटर आहे. स्लॅबच्या तळापर्यंत उंची ३.३ मीटर. बीम ६० सेंटिमीटर खाली उतरतात, त्यांच्याखाली स्प्रिंकलरचे पाइप आणि केबल ट्रे जातात, त्यामुळे गाडीसाठी मोकळी उंची २.४ मीटर उरते. स्प्रिंकलर आहेत. एक्झॉस्टचा शाफ्ट एका टोकाला आहे, आणि वरच्या बेसमेंटमधून खाली येणारा रॅम्पही त्याच टोकाजवळ आहे.

पहिली चूक गुणाकारातच सापडते. अहवालात उंची २.४ मीटर धरलेली असते, कारण आर्किटेक्टच्या नकाशावर तोच आकडा ठळक असतो. ३००० गुणिले २.४ म्हणजे ७२०० घनमीटर. त्याच्या १२ पट ताशी, म्हणजे सेकंदाला २४ घनमीटर हवा. पण २.४ मीटर हे गाडीच्या टपावरून मोजलेलं गणित आहे, धुराचं नाही. गरम धूर वर जातो आणि दोन बीमांच्या मधल्या खणात स्लॅबला चिकटून पसरतो. पाइपच्या वरची जागाही हवेनेच भरलेली असते. खरं आकारमान ३.३ मीटरने काढायला हवं : ९९०० घनमीटर. त्याचे १२ फेरे म्हणजे सेकंदाला ३३ घनमीटर. अहवालातल्या २४ घनमीटरच्या पंख्यांनी प्रत्यक्षात पावणेनऊच्या आसपास फेरे होतात. कागदावर मात्र १२ लिहिलेले असतात आणि मंजुरीही १२ ला मिळते.

पाण्याच्या टाक्या, पंपरूम, लिफ्टचे खड्डे ही जागा आकारमानातून वजा करणं योग्यच आहे. फक्त काय वजा केलं आणि कोणती उंची धरली, ते अहवालात स्पष्ट लिहिलेलं असावं. तसं नसेल तर तपासणाऱ्याने तिथेच थांबून नकाशाचा छेद मागवावा.

आता दुसरा प्रश्न. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि अहवालात त्याला सर्वांत कमी जागा मिळालेली असते. सेकंदाला ३३ घनमीटर हवा बाहेर गेली तर सेकंदाला तेवढीच आत यायला हवी. अहवालात याबद्दल एक ओळ असते : ‘ताजी हवा रॅम्पमधून नैसर्गिकरीत्या येईल.’

रॅम्प ६ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच असेल, तर त्याचं तोंड साडेचौदा चौरस मीटरच्या जवळपास जातं. तिथून ३३ घनमीटर हवा यायला तिचा वेग सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास लागतो. चालणाऱ्या माणसाला तो सहज सोसतो. ओढ फार तर सात-आठ पास्कलची, म्हणजे नगण्य. इथवर सगळं ठीक दिसतं. पण रॅम्प आणि एक्झॉस्टचा शाफ्ट एकाच टोकाला आहेत. हवा जवळची वाट धरते. रॅम्पमधून आलेली ताजी हवा थेट एक्झॉस्टच्या जाळीकडे जाते आणि ५० मीटर पलीकडच्या टोकाला, जिथे गाडी पेटली आहे, तिथली हवा जवळजवळ हलत नाही. पंखा पूर्ण क्षमतेने चालतो, मोजणी केली तर ३३ घनमीटर भरतेही, आणि धूर मात्र कोपऱ्यात तसाच राहतो. एअर चेंजचा आकडा हे सांगू शकत नाही, कारण तो संपूर्ण मजल्यावर हवा सारखी बदलते असं गृहीत धरतो.

त्याहून गंभीर गोष्ट रॅम्पच्या तोंडाशी असते. खालच्या मजल्यावरची आग आणि धूर वर जाऊ नये म्हणून अनेक ठिकाणी दोन मजल्यांच्या मधल्या रॅम्पवर फायर शटर किंवा आगरोधक पडदा बसवतात. आगीची सूचना मिळताच तो आपोआप खाली येतो. ही योजना आर्किटेक्टच्या किंवा फायर कन्सल्टंटच्या नकाशावर असते, आणि रॅम्पमधून हवा येईल हे गृहीतक वायुवीजनाच्या अहवालात. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय विसंगती दिसत नाही : ज्या क्षणी हवा हवी, त्याच क्षणी तिची वाट बंद होते.

शटर पडल्यावर काय उरतं? आपल्या उदाहरणात पलीकडच्या भिंतीत ताज्या हवेचा एक शाफ्ट आहे. नकाशावर त्याचं तोंड ६ चौरस मीटर. पण त्यावर पाऊस आणि उंदीर आत येऊ नयेत म्हणून लूव्हर आणि जाळी बसते. लूव्हरच्या पट्ट्यांमधली खरी मोकळी जागा बरेचदा निम्मीच असते. म्हणजे हवेसाठी ३ चौरस मीटर. तेवढ्यातून सेकंदाला ३३ घनमीटर हवा ओढायची तर सुमारे १७५ पास्कलची ओढ लागते. तेवढ्या जोराचा पंखा निवडलेलाच नसतो, त्यामुळे तो दमतो. तोंड आवळलेल्या पिशवीतून हवा ओढावी तशी त्याची अवस्था होते. प्रवाह घसरून समजा २४ घनमीटरवर येतो, आणि तरीही बेसमेंटमध्ये बाहेरच्यापेक्षा ९० पास्कलच्या वर कमी दाब तयार होतो.

हे ९० पास्कल कुठे जाणवतात? जिन्याच्या दारावर. सुटकेच्या जिन्यात धूर शिरू नये म्हणून पंख्याने हवा भरून तिथे साधारण ५० पास्कल जास्त दाब ठेवतात. दार माणसं जातात त्या दिशेला, म्हणजे जिन्याकडे उघडतं. माणसाला ते जास्त दाबाच्या बाजूला ढकलायचं आहे. दोन्ही मिळून फरक १४० पास्कलच्या पुढे जातो. एक मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच दारावर हा एकूण सुमारे ३०० न्यूटनचा भार झाला. मुठीपाशी त्याच्या निम्मा, म्हणजे पंधरा किलोच्या आसपास जोर लागतो. दार आपोआप मिटवणाऱ्या क्लोजरचा जोर वेगळा. दार उघडायला १०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण दहा किलोपेक्षा जास्त जोर लागू नये असं युरोपीय मानक सांगतं. धुरात गुदमरलेल्या, वयस्क किंवा मूल कडेवर घेतलेल्या माणसाला हे दार उघडणार नाही. धूर काढण्यासाठी लावलेला पंखाच त्याची वाट अडवून बसतो.

म्हणून अहवालात ताज्या हवेचा हिशेब स्वतंत्र पानावर मागावा : कोणत्या तोंडातून किती हवा येणार, लूव्हर वजा जाता मोकळी जागा किती, शटर पडल्यावर काय राहणार, आणि त्या अवस्थेत जिन्याच्या दारावर किती जोर येणार. आपल्या उदाहरणात पलीकडच्या बाजूला १२ चौरस मीटर मोकळी जागा मिळाली, तर ओढ ११ पास्कलवर येते आणि हवा संपूर्ण मजला ओलांडून जाते. तेवढी जागा नसेल तर ताजी हवा आत ढकलणारे पंखे बसवावे लागतात. मग त्यांना स्वतंत्र वीज आणि स्वतंत्र नियंत्रण आलं. बाहेर टाकलेला धूर परत आत ओढला जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांत निदान ५ मीटर अंतर ठेवायला कोडने सांगितलं आहे. लहान भूखंडावर नेमकं तेच बसत नाही, म्हणून ते आधी पाहावं.

एक्झॉस्टच्या बाजूला तिसरी उणीव सापडते. पंख्याच्या यादीत ‘स्टॅटिक प्रेशर २५० पास्कल’ असं लिहिलेलं असतं. हे २५० कुठून आले याचा हिशेब मागितला तर बहुधा उत्तर येतं की आम्ही नेहमी एवढंच धरतो. आपल्या शाफ्टचं माप २ मीटर गुणिले दीड मीटर, म्हणजे ३ चौरस मीटर आहे. त्यातून ३३ घनमीटर हवा जाताना वेग सेकंदाला ११ मीटर होतो. तेवढ्या वेगाच्या हवेचा स्वतःचा दाब सुमारे ७३ पास्कल असतो. जाळीतून आत शिरणं, दोन वळणं, डॅम्पर, वरचं लूव्हर अशा प्रत्येक अडथळ्यावर त्याचा काही भाग खर्च होतो. सगळे मिळून त्याच्या पाचपट धरले तर ३६५ पास्कल. आत येणाऱ्या हवेची ओढ मिळवून ३७५ च्या आसपास. म्हणजे २५० पास्कलचा पंखा ठरलेली हवा देऊच शकत नाही.

याचा परिणाम विजेपर्यंत जातो. सेकंदाला २४ घनमीटर आणि २५० पास्कल धरून ६५ टक्के कार्यक्षमतेच्या पंख्यांना ९ किलोवॅटच्या आसपास शक्ती लागते. ३३ घनमीटर आणि ३७५ पास्कलला १९ किलोवॅट. मोटर, केबल, स्टार्टर आणि आगीच्या वेळी हे सगळं चालवणारा डीजी सेट, सगळ्यांचं माप बदलतं. इमारत उभी राहिल्यावर हे लक्षात आलं, तर शाफ्ट मोठा करता येत नाही. पंखा मोठा बसवला की आवाज आणि वीज दोन्ही वाढतात. पंखे निदान दोन भागांत असावेत, म्हणजे एक बंद पडला तरी निम्मी हवा निघत राहील, असं ब्रिटिश मानक सांगतं. आपल्याकडच्या कोडप्रमाणे पंखा २५० अंश सेल्सिअसला २ तास टिकायला हवा. पंख्याचं प्रमाणपत्र बहुतेक वेळा जोडलेलं असतं. त्याच्यापर्यंत जाणारी केबल आणि डॅम्परची मोटर तेवढी टिकेल का, हे मात्र विचारावं लागतं.

इथे एक मूलभूत प्रश्न येतो : बारा फेरे कशासाठी पुरतात? एअर चेंज हा आकडा जागेच्या आकारावर ठरतो. आग जागेचा आकार पाहून लागत नाही. ब्रिटिश मानकात स्प्रिंकलर असलेल्या पार्किंगसाठी ४ मेगावॅटची आग धरतात आणि स्प्रिंकलर नसतील तर दोन गाड्यांची ८ मेगावॅटची. माणसाच्या डोक्याच्या पातळीपर्यंत हवा स्वच्छ ठेवायची असं धरून ढोबळ हिशेब केला, तर ४ मेगावॅटच्या आगीत सेकंदाला १५ घनमीटरच्या आसपास गरम धूर तयार होतो, ८ मेगावॅटला २५ च्या पुढे. आपल्या मोठ्या बेसमेंटचे खरे ३३ घनमीटर दोन्हीला पुरतात. अहवालातले २४ दुसऱ्या आगीला अपुरे पडतात. आणि याच उंचीचं ६०० चौरस मीटरचं छोटं बेसमेंट घेतलं, तर १२ फेऱ्यांनी सेकंदाला जेमतेम साडेसहा घनमीटर हवा निघते. पेटलेली गाडी तीच, धूर तेवढाच, काढण्याची क्षमता निम्म्याहून कमी. तिथे १२ फेऱ्यांनी आग विझल्यावर साचलेला धूर हळूहळू निघून जाईल, अग्निशमन दलाला आत शिरायला मदत होईल, पण आग चालू असताना माणसांची वाट स्वच्छ राहील अशी अपेक्षा करता येत नाही. यातलं नेमकं काय साधायचं आहे, ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं.

४ मेगावॅट हेही गृहीतकच आहे : स्प्रिंकलर चालतील हे. १ ऑगस्ट २०२४ ला दक्षिण कोरियातल्या इंचॉन शहरात एका गृहसंकुलाच्या भूमिगत पार्किंगमध्ये उभी असलेली इलेक्ट्रिक गाडी पेटली. स्प्रिंकलर बसवलेले होते, पण एका कर्मचाऱ्याने यंत्रणा थांबवल्यामुळे तिथे पाणी पडलंच नाही आणि आग शेजारच्या गाड्यांवर पसरत गेली. त्यामुळे स्प्रिंकलरचा झडप बंद केल्याची सूचना नियंत्रण पॅनेलवर येते का, हा प्रश्न मी वायुवीजनाच्या तपासणीतही विचारतो. तो विषय दुसऱ्या सल्लागाराचा असला तरी आपला आकडा त्यावर उभा आहे.

डक्टऐवजी छताला जेट फॅन लावण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. त्याने उंची वाचते, खर्च वाचतो. पण जेट फॅन धूर बाहेर काढत नाही, तो फक्त एक्झॉस्टच्या दिशेने ढकलतो. त्याच्या झोताबरोबर आजूबाजूची पुष्कळ हवा ओढली जाते. सगळे जेट फॅन मिळून एक्झॉस्ट पंखे घेऊ शकतात त्याहून जास्त हवा ढकलू लागले, तर उरलेली भिंतीला आपटून मागे फिरते आणि धूर गाड्यांच्या ओळींमधून परत येतो. झोताला आडवा बीम आला तर तो खाली वळतो. त्यात आग लागताच जेट फॅन सुरू केले, तर छताशी तरंगणारा धुराचा थर ढवळून खाली माणसांच्या नाकाशी येतो. म्हणून लोक बाहेर पडेपर्यंत त्यांना थोडा वेळ थांबवण्याचा विचार करावा लागतो. किती वेळ, ते या इमारतीत लोकांना जिन्यापर्यंत पोहोचायला लागणाऱ्या वेळावरून ठरवायचं.

म्हणूनच जेट फॅनच्या डिझाइनला संगणकावरच्या प्रवाह-विश्लेषणाची, म्हणजे सीएफडीची जोड लागते. अहवालात रंगीत चित्रं असतात. त्यांच्याकडे बघण्याआधी मी तीन गोष्टी पाहतो : मॉडेलमध्ये बीम आणि उभ्या गाड्या आहेत का, आग सर्वांत अडचणीच्या कोपऱ्यात ठेवली आहे की एक्झॉस्टच्या जवळ, आणि रॅम्पचं शटर पडलेलं दाखवलं आहे का. रिकाम्या सपाट हॉलमध्ये, उघड्या रॅम्पसह आणि एक्झॉस्टशेजारी पेटवलेली आग कोणत्याही पंख्याने छान हटते.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंध आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याखाली ही यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची असते. म्हणजे ताबा मिळाल्यावर ती सोसायटीवर येते. दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं फॉर्म ‘बी’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. पंखा फिरतो हे त्या निमित्ताने पाहता येतं. तो किती हवा काढतो, हे मुद्दाम मोजल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी एक्झॉस्टच्या तोंडावर ठरावीक अंतराने अनेक ठिकाणी अॅनिमोमीटर धरून वेग मोजतात, सरासरी काढतात आणि मोकळ्या क्षेत्रफळाने गुणतात. कृत्रिम धूर सोडून करतात ती चाचणी हवेची दिशा दाखवते, कोपरे कुठे कोंडतात ते दाखवते. तो धूर थंड असल्यामुळे खऱ्या आगीतला थर त्यात दिसत नाही, हे लक्षात ठेवावं.

ताबा घेण्याआधी कमिटीने बिल्डरला एक चाचणी करून दाखवायला सांगावी. आगीची सूचना पॅनेलवर द्या, शटर खाली येऊ द्या, एक्झॉस्ट आणि जिन्यातले पंखे दोन्ही चालू होऊ द्या, आणि मग प्रत्येक जिन्याचं दार सोसायटीतल्या एखाद्या आजोबांना उघडायला सांगा. दार अडलं तर ताज्या हवेचा हिशेब चुकला आहे. त्याच वेळी एक्झॉस्टवर मोजलेली हवा अहवालातल्या आकड्याशी ताडून बघा. फरक दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त असेल, तर दाबाचा हिशेब मागा.

ही चाचणी बांधकामानंतरची. आराखड्यावर हेच प्रश्न विचारले तर उपाय स्वस्त असतो. पलीकडच्या भिंतीत १२ चौरस मीटर मोकळी जागा हवी म्हटल्यावर आर्किटेक्टला तळमजल्यावर लूव्हरसाठी भिंत शोधावी लागते, बेसमेंटमध्ये शाफ्ट वाढवावा लागतो आणि त्यात एखाद-दोन गाड्यांच्या जागा जातात. विकासक याला विरोध करतो, कारण प्रत्येक जागेला किंमत आहे. त्या बैठकीत तपासणाऱ्याच्या हातात शटर बंद असतानाचा दाराच्या जोराचा हिशेब असेल, तर चर्चा लवकर मार्गी लागते. स्लॅबचे नकाशे पक्के होण्याआधी, आरसीसी सल्लागार शाफ्टची जागा सोडू शकतो तोवरच ही बैठक व्हायला हवी.